प्लेटलेट्स दर वेळी कमी येतात पण पेशंट ठणठणीत आहे? औषध सुरू करायच्या आधी ट्यूब बघा

प्रॉब्लेम साधारण असा असतो. पेशंटच्या प्लेटलेट्स येतात चाळीस हजार, अंगावर एक लाल ठिपका नाही, हिरड्यांतून रक्त नाही, माणूस स्वतः चालत आलेला. डॉक्टर म्हणतात रिपीट करा, रिपीटला येतात पंचावन्न हजार, दुसऱ्या लॅबला पाठवलं तर एक लाख तीस हजार, आणि मग सगळे एकमेकांच्या मशीनला नावं ठेवायला लागतात. मशीन बहुतेक वेळा बरोबरच असतं. त्याच्यासमोर जे आलं ते त्याने मोजलं, फक्त ट्यूबमध्ये प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून झुबके करून बसल्या होत्या, आणि वीस प्लेटलेट्सचा एक झुबका मशीनच्या लेखी वीस प्लेटलेट्स नसतो, ती एक कसलीतरी मोठी पेशी असते.

हा प्रकार ज्यांच्याकडे पुन्हा पुन्हा होतोय त्यांच्यासाठी लिहितोय, म्हणजे लॅबमध्ये काम करणारे आणि असे रिपोर्ट हातात पडणारे ज्युनिअर डॉक्टर, दोघांसाठी.

आधी हे होतं कशामुळे

सीबीसीसाठी रक्त जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये घेतो, त्यात इडीटीए असतं. ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, त्यामुळे रक्त गोठत नाही, इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण कॅल्शियम काढून घेतलं की प्लेटलेटच्या पृष्ठभागावरच्या एका प्रोटीनचा, ग्लायकोप्रोटीन टूबी-थ्रीएचा, आकार बदलतो आणि त्याचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. काही लोकांच्या रक्तात नेमक्या त्या उघड्या भागाला चिकटणाऱ्या अँटीबॉडीज असतात. शरीरात त्या काहीच करत नाहीत कारण शरीरात इडीटीए नसतं. ट्यूबमध्ये रक्त पडलं की मात्र त्या प्लेटलेट्सना एकमेकींशी बांधायला लागतात. तापमान उतरलं की हे वाढतं आणि वेळ जाईल तसतसं आणखी वाढतं, म्हणून रक्त घेतल्या घेतल्या लावलेलं सॅम्पल आणि दोन तास टेबलावर पडलेलं सॅम्पल यांचे आकडे जुळत नाहीत.

साधारण हजारात एखाद्या माणसाला हे असतं. ऐकायला कमी वाटतं, पण रोज काहीशे सीबीसी करणाऱ्या लॅबला दर थोड्या दिवसांनी असा एक पेशंट भेटणारच. आणि ज्याला आहे त्याला बऱ्याचदा वर्षानुवर्षं राहतं, म्हणजे तोच माणूस परत परत त्याच चक्रात अडकतो. त्याला त्रास काहीच नसतो, त्रास होतो तो रिपोर्टमुळे. ऑपरेशन पुढे ढकललं जातं, नको असताना स्टिरॉइड सुरू होतं, प्लेटलेट्स चढवल्या जातात, कधी बोनमॅरोपर्यंत प्रकरण जातं.

सगळे झुबके सारखे नसतात

इथे बहुतेकांची गल्लत होते. स्लाइडवर झुबके दिसले की लगेच इडीटीएवर ढकलून मोकळं व्हायचं असं करू नका, कारण दुसरं कारण जास्त कॉमन आहे आणि ते म्हणजे रक्त नीट न काढणं. शीर सापडत नाही म्हणून सुई आत इकडेतिकडे फिरवली, रक्त थेंब थेंब येत राहिलं, सिरिंज भरून ठेवली आणि ट्यूबमध्ये टाकायला दोन मिनिटं लावली, किंवा ट्यूब भरली आणि उलटसुलट न करता तशीच स्टँडला लावून दिली, तर प्लेटलेट्स तिथल्या तिथे ॲक्टिव्हेट होतात आणि गोठायची क्रिया सुरू होते. अशा ट्यूबमध्ये लाकडी काडी फिरवली तर बऱ्याचदा छोटी गुठळी काडीला लागून येते, आणि स्लाइडवर झुबक्यांबरोबर फायब्रिनचे धागे दिसतात. ही ट्यूब सरळ रिजेक्ट करायची, त्यातला एकही आकडा रिपोर्ट करायचा नाही, हिमोग्लोबिनसुद्धा नाही, कारण गुठळीत काय काय अडकलंय ते कोण सांगणार.

इडीटीएवाल्या क्लंपिंगमध्ये काडीला काही लागत नाही, फायब्रिन नसतं, रक्त अगदी एका फटक्यात छान आलेलं असतं, आणि तरीही झुबके असतात. दुसऱ्यांदा चांगलं रक्त काढलं, दुसऱ्या हाताने काढलं, दुसऱ्या माणसाने काढलं, तरी असतात. ही पहिली खूण.

एक केस पूर्ण बघू

पन्नाशीच्या बाई, पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलेलं, त्याआधीची रुटीन तपासणी. कलेक्शन दुसरीकडे झालं होतं, सॅम्पल लॅबला पोचायला साधारण दोन तास लागले. प्लेटलेट्स ४१ हजार. मशीनने `PLT Clumps?` असा फ्लॅग दिला होता, पण घाईत तो कुणी पाहिला नाही आणि आकडा तसाच पुढे गेला. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं, साहजिकच आहे, त्यांच्या जागी कुणीही थांबवलं असतं.

आता या रिपोर्टमध्येच बरंच काही लिहिलेलं होतं. हिमोग्लोबिन १२.४, नॉर्मल. पांढऱ्या पेशी ११,८००, म्हणजे थोड्या वाढलेल्या, आणि ताप नाही, इन्फेक्शन नाही. प्लेटलेटच्या हिस्टोग्रामची रेषा उजवीकडे खाली येऊन बेसलाइनला टेकायला हवी, ती टेकतच नव्हती, करवतीच्या दातांसारखी वरखाली होत पुढे जात होती. पांढऱ्या पेशींच्या हिस्टोग्राममध्ये अगदी डाव्या टोकाला, लिम्फोसाइट सुरू होतात त्याच्याही आधी, एक जादाचा उंचवटा होता. तिथे नॉर्मली रिकामं असतं. मोठे झुबके लहान लिम्फोसाइटएवढे भरतात आणि मशीन त्यांना पांढऱ्या पेशीत टाकतं, म्हणून प्लेटलेट्स कमी आणि डब्ल्यूबीसी थोड्या जास्त अशी जोडी दिसली की माझं लक्ष आधी या उंचवट्याकडे जातं. आणि आठ महिन्यांपूर्वीचा त्यांचाच जुना रिपोर्ट होता २ लाख ३५ हजारचा. जुना रिपोर्ट मागायला एक फोन लागतो, पण तो फोन बहुतेकदा सगळ्यात शेवटी होतो.

स्लाइड केली. इथे एक गोष्ट: लोक थेट शंभरच्या लेन्सवर जातात आणि मधल्या भागात दहा फील्ड बघून म्हणतात प्लेटलेट्स कमीच आहेत, मशीन बरोबर आहे. मधल्या भागात कमीच दिसणार, कारण झुबके जड असतात आणि स्मिअर ओढताना ते शेपटीकडे आणि कडांना ढकलले जातात. आधी दहाच्या लेन्सवर शेपटीची पूर्ण कड आणि दोन्ही बाजू फिरून बघा. या बाईंच्या स्लाइडवर शेपटीला जांभळट, दाणेदार ढिगारे पसरलेले होते, काहींमध्ये सहज पन्नास-साठ प्लेटलेट्स असतील, आणि फायब्रिन कुठेच नव्हतं.

मग त्यांना लॅबमध्येच बोलावलं, म्हणजे प्रवासाचा वेळ मधून गेला. एकाच टोचणीत आधी निळ्या टोपीची सायट्रेट ट्यूब घेतली, मग जांभळी, आणि जांभळ्या ट्यूबमधलं तेच रक्त ठराविक वेळाने परत परत लावलं. पाच मिनिटांच्या आत २ लाख १० हजार. अर्ध्या तासाने १ लाख २० हजार. तासाने ७० हजार. दोन तासांनी ४४ हजार. शरीरातल्या प्लेटलेट्स ट्यूबमध्ये दोन तासांत पंचमांश होत नाहीत, त्यामुळे प्रश्न इथेच सुटला होता. सायट्रेटचा आकडा आला १ लाख ८६ हजार.

सायट्रेट ट्यूबमध्ये औषध द्रवरूपात असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, म्हणजे रक्त आधीच पातळ झालेलं. म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं.

```
१,८६,००० × १.१ = २,०४,६००
```

म्हणजे साधारण २ लाख ५ हजार, आणि इडीटीएचा पाच मिनिटांचा आकडा होता २ लाख १० हजार. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन एकाच ठिकाणी पोचलो. ताज्या ट्यूबमध्ये पांढऱ्या पेशीही ८,९०० वर आल्या, तो उंचवटा गेला. ऑपरेशन पुढच्या तारखेला झालं.

सायट्रेट म्हणजे रामबाण नाही

हे जरा सविस्तर सांगतो कारण सगळीकडे सल्ला एकच मिळतो, सायट्रेटमध्ये रिपीट करा, आणि मग तिथेही आकडा कमी आला की लोक म्हणतात बघा, खरंच कमी आहेत.

पहिली गोष्ट, सायट्रेट ट्यूब खुणेपर्यंत भरलेली हवी. अर्धवट भरली तर रक्त जास्त पातळ होतं आणि १.१ चा हिशोब लागू पडत नाही, आकडा खोटाच कमी येतो. इडीटीएच्या बऱ्याच ट्यूबमध्ये औषध ट्यूबच्या आतल्या बाजूला फवारून वाळवलेलं असतं त्यामुळे तिथे पातळ होण्याचा प्रश्न जवळजवळ येत नाही, आणि या सवयीमुळेच सायट्रेटला चूक होते.

दुसरी, काही लोकांच्या प्लेटलेट्स सायट्रेटमध्येही चिकटतात. इडीटीएला चिकटणाऱ्यांपैकी बऱ्यापैकी लोकांत हे होतं. म्हणून सायट्रेट ट्यूबचीही स्लाइड बनवायची आणि तिचीही शेपटी बघायची. त्यात झुबके असतील तर तो आकडा सुद्धा फेकून द्यायचा, १.१ ने गुणून काही उपयोग नाही.

तिसरी, सायट्रेट ट्यूबसुद्धा लवकर लावायची, दुपारपर्यंत ठेवायची नाही. आणि त्यावरून रिपोर्ट फक्त प्लेटलेटचा करायचा, बाकी सीबीसी ताज्या इडीटीएवरून. कुणीतरी पूर्ण रिपोर्ट सायट्रेटवरून काढला आणि गुणाकार फक्त प्लेटलेटला केला तर हिमोग्लोबिन उगाच दहा टक्क्यांच्या आसपास कमी दिसतं आणि आता ॲनिमियाची तपासणी सुरू.

सायट्रेटने जमलं नाही तर काय? ट्यूब आधीच ३७ डिग्रीला गरम करून ठेवायची, रक्त तिच्यात घ्यायचं, हातातल्या हातात गरम ठेवत मशीनपर्यंत आणायचं आणि लगेच लावायचं. हे बऱ्याच पेशंटमध्ये चालतं, सगळ्यांत नाही. पण झुबके झाल्यावर ट्यूब वॉटरबाथमध्ये ठेवून ते सुटतील अशी आशा धरू नका, अँटीबॉडीने बांधलेले झुबके सहसा सुटत नाहीत. व्हॉर्टेक्सवर मिनिटभर फिरवलं तर नीट न काढल्यामुळे झालेले सैलसर झुबके काही वेळा मोडतात आणि आकडा थोडा वर येतो, पण तोही पूर्ण खरा आकडा आहे असं धरून चालायचं नाही. मॅग्नेशियम सल्फेटच्या खास ट्यूब मिळतात, त्या यासाठीच आहेत. इडीटीएमध्ये अमिकासिन किंवा कानामायसिन टाकून करायची पद्धतही आहे, पण ती तुमच्या लॅबमध्ये तपासून, लिहून ठेवलेली असेल तरच करा, ऐनवेळी कपाटातली बाटली काढून प्रयोग नको.

अगदीच काही नसेल तर बोटाला टोचून थेट स्लाइडवर स्मिअर ओढा, कुठलंही अँटिकोॲग्युलंट न वापरता. यात थोडे छोटे झुबके नॉर्मली असतातच कारण प्लेटलेट्सचं कामच ते आहे, त्याने घाबरू नका. यातून नेमका आकडा मिळत नाही, पण भरपूर आहेत की खरंच नाहीत एवढं कळतं, आणि रात्री दोन वाजता बऱ्याचदा तेवढंच हवं असतं.

हिमोलाइज्ड सॅम्पल यात कुठे येतं

वरवर वेगळा विषय वाटतो, पण ज्या सॅम्पलमध्ये रक्त ओढाताणीने काढलंय तिथे हे दोन्ही एकदम सापडतात आणि गंमत म्हणजे दोघांचे परिणाम उलट दिशेने जातात. बारीक सुई, सिरिंजचा दांडा जोरात ओढणं, सुई न काढता तिच्यातूनच रक्त ट्यूबमध्ये दाबून टाकणं, ट्यूब जोरजोरात हलवणं, बर्फाला चिकटवून पाठवणं, या सगळ्याने लाल पेशी फुटतात. फुटलेल्या पेशींचे तुकडे प्लेटलेटच्या साइजचे असू शकतात आणि साइजवर मोजणारं मशीन त्यांना प्लेटलेट्स म्हणून मोजतं. म्हणजे झुबक्यांनी घटलेला आकडा तुकड्यांनी थोडा भरून निघू शकतो आणि रिपोर्ट दिसायला ठीकठाक.

केमिस्ट्रीच्या ट्यूबमध्ये हे लगेच लक्षात येतं कारण सेंट्रिफ्यूज केल्यावर सीरम गुलाबी-लाल दिसतं. सीबीसीची ट्यूब आपण सेंट्रिफ्यूज करतच नाही, पूर्ण रक्तच लावतो, त्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नाही. तिथे एमसीएचसीकडे बघायचं. मशीन हिमोग्लोबिन मोजताना सगळ्या पेशी फोडूनच मोजतं, त्यामुळे काही आधीच फुटल्या असल्या तरी हिमोग्लोबिन तेवढंच येतं, पण हिमॅटोक्रिट मात्र शिल्लक राहिलेल्या पेशींवरूनच येतो आणि तो घटतो. समजा हिमोग्लोबिन १२ आणि खरा हिमॅटोक्रिट ३६, तर एमसीएचसी ३३.३. पेशी फुटून हिमॅटोक्रिट ३१ झाला तर तेच १२ भागिले ३१, म्हणजे ३८.७. छत्तीस-सदतीसच्या वर एमसीएचसी दिसला की ट्यूबमधलं थोडं रक्त वेगळं काढून फिरवा आणि प्लाझ्माचा रंग बघा. लाल असेल तर हिमोलिसिस, दुधाळ असेल तर चरबीमुळे हिमोग्लोबिन खोटं वाढलंय, आणि प्लाझ्मा स्वच्छ असून आरबीसी फारच कमी, एमसीव्ही फार जास्त असेल तर कोल्ड ॲग्लुटिनिन, तेव्हा ट्यूब ३७ डिग्रीला गरम करून परत लावायची. हे झुबके लाल पेशींचे असतात आणि प्लेटलेटच्या झुबक्यांच्या उलट हे गरम केल्यावर सहसा सुटतात.

त्याच पेशंटच्या केमिस्ट्रीत पोटॅशियम, एलडीएच, एएसटी वाढलेले असतील तर चित्र जुळलं. पण पोटॅशियम खूप वाढलंय, त्याच्या जोडीला कॅल्शियम अगदीच कमी आहे आणि सीरम स्वच्छ आहे, तर ते हिमोलिसिस नाही. कुणीतरी जांभळ्या ट्यूबमधलं रक्त साध्या ट्यूबमध्ये ओतलंय, ट्यूबमधलं इडीटीए पोटॅशियमच्या रूपात असतं आणि कॅल्शियम तर ते धरूनच ठेवतं. विचारलं तर कुणी कबूल करत नाही, ते सोडा, नवीन सॅम्पल मागवा.

आणि एक सावधगिरी. नीट, सावकाश काढलेल्या दुसऱ्या सॅम्पलमध्येही प्लाझ्मा लाल आला तर ट्यूबला दोष देणं थांबवा. पेशी शरीरातच फुटत असतील. लघवी गडद होते का विचारा, स्लाइडवर तुटक्या, शिंगं असलेल्या लाल पेशी शोधा. तुटक्या लाल पेशी आणि झुबके नसताना कमी प्लेटलेट्स ही जोडी दिसली तर रिपोर्ट टाइप करत बसू नका, आधी डॉक्टरांना फोन करा, ती तातडीची गोष्ट आहे. तसंच ताज्या इडीटीएमध्ये कमी, सायट्रेटमध्ये कमी, आणि दोन्ही स्लाइडच्या शेपट्या रिकाम्या, तर प्लेटलेट्स खरंच कमी आहेत. पेशंट ठणठणीत दिसतो हा पुरावा नाही, तीस-चाळीस हजारावर कितीतरी लोकांना काही जाणवत नाही.

रिपोर्टवर काय लिहायचं

झुबके असलेल्या ट्यूबचा प्लेटलेटचा आकडा छापायचाच नाही. खाली बारीक अक्षरात शेरा आणि वर ठळक ४१,००० असं दिलं तर वाचणारा ४१,००० च वाचतो. आकड्याच्या जागी "झुबक्यांमुळे मोजता आलं नाही" आणि शेऱ्यात असं काहीतरी: "इडीटीए ट्यूबमध्ये प्लेटलेटचे झुबके आढळले. सायट्रेट सॅम्पलवरून दुरुस्त केलेला काउंट २ लाख ५ हजार. स्मिअरवर प्लेटलेट्स पुरेशा. पुढील तपासणीवेळी सायट्रेट ट्यूबही घ्यावी व सॅम्पल लगेच लावावं." सायट्रेट अजून झालं नसेल तर नवीन सॅम्पल हवंय एवढंच लिहा, अंदाजाने आकडा टाकू नका. त्याच ट्यूबचा एमपीव्ही आणि पांढऱ्या पेशींचा आकडाही अडकवून ठेवा, तोही झुबक्यांनी बिघडलेला असतो, हे मात्र सर्रास विसरलं जातं.

पेशंटच्या हातात यातलं एक वाक्य कागदावर लिहून द्या आणि तुमच्या सिस्टिममध्ये त्यांच्या नावापुढे नोंद करून ठेवा. बाई गरोदर असतील तर बाळाच्या डॉक्टरांनाही सांगायला सांगा, कारण या अँटीबॉडीज काही वेळा आईकडून बाळात जातात आणि जन्मानंतर थोडे दिवस बाळाचाही काउंट असाच खोटा कमी येऊ शकतो.